मोरीतून वर येणारं पाणी

आमच्या घरात पुराचं पाणी दारातून कधीच आलं नाही. उंबऱ्याला फळी लावून, फटीत गोणपाट कोंबून आम्ही दाराशी पहारा देत बसायचो आणि पाणी मागच्या मागे मोरीतून वर यायचं. आधी पाच-दहा मिनिटं जाळीतून गुडगुड असा आवाज येई, एखादा बुडबुडा फुटे. मग काळसर पाण्याचं एक गोल वर्तुळ जाळीभोवती पसरे आणि बघता बघता मोरीचा कठडा ओलांडून स्वयंपाकघरात उतरे. सासूबाई म्हणायच्या, "पाऊस वरून पडतो, आपल्याकडे खालून पडतो." दादर-परळच्या सखल पट्ट्यात तळमजल्यावर राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

मी नोकरीत तीस वर्षं आरेखक होते. इमारतींचे आराखडे काढताना जमिनीखालच्या गटारांसाठी तुटक रेषा वापरायची पद्धत आहे. त्या तुटक रेषा मी हजारो वेळा ओढल्या असतील, पण त्यांच्यातून पाणी उलटही वाहू शकतं ही गोष्ट माझ्या डोक्यात खऱ्या अर्थानं शिरली ती निवृत्तीनंतर, स्वतःच्या मोरीसमोर बादली आणि खराटा घेऊन बसल्यावर. हा लेख त्या मोरीचा आहे. तीन पावसाळे मी तिच्या नोंदी ठेवल्या, दोनदा उपाय केले आणि त्यातला पहिला उपाय सपशेल चुकला. तो का चुकला, हे मला बरोबर ठरलेल्या उपायापेक्षा जास्त सांगावंसं वाटतं.

सुरुवात एका शब्दापासून करते. मोरीच्या जाळीखाली जो वाकडा तुकडा बसवलेला असतो त्याला भारतभरातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजीतून छापलेल्या भारतीय मानकांतही हाच शब्द आहे. आपल्या न्हाणीघरातली नहाणी अशी थेट मानकांत जाऊन बसली आहे. या ट्रॅपमध्ये साधारण पाच सेंटिमीटर पाणी कायम साठून राहतं. त्याचं काम एकच, गटारातली दुर्गंधी आणि वायू घरात येऊ न देणं. उन्हाळ्यात आपण महिनाभर गावी जाऊन आलो की घराला वास येतो, कारण ते पाणी सुकून गेलेलं असतं. पण बहुतेकांची, आणि बरीच वर्षं माझीही, अशी समजूत असते की ट्रॅप आहे म्हणजे उलट येणारं पाणीही अडेल. तसं होत नाही. ट्रॅप हवेला अडवतो. पाण्याला तो फक्त एक वळण आहे.

मग पाणी उलट येतं कशामुळे? त्याचं उत्तर मला एका गवंड्याच्या हातातल्या नळीनं दिलं. दोन ठिकाणांची उंची सारखी आहे का हे बघायला गवंडी पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी वापरतात. तिच्यात पाणी भरतात. एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी धरतात. मधली नळी कितीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीवर थांबतं. त्याला ते 'लेव्हलची नळी' म्हणतात. आता ही नळी मनातल्या मनात मोठी करायची. तिचं एक टोक म्हणजे रस्त्यातलं मॅनहोल, दुसरं टोक म्हणजे माझी मोरी आणि मधली नळी म्हणजे आमच्या इमारतीची ड्रेनेज लाइन. एरवी ही लाइन जेमतेम तळाशी वाहत असते, त्यामुळे पातळीचा प्रश्न येत नाही. पण रस्त्याखालची मलवाहिनी तुडुंब भरली आणि मॅनहोलमध्ये पाणी चढू लागलं की तेवढंच ते माझ्याकडेही चढतं. मोरीचं तोंड मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर मॅनहोल रस्त्यावर उतू जाण्याआधी माझी मोरी उतू जाणार.

म्हणून पहिली गोष्ट मी केली ती मोजमाप. पावसाळ्याआधी एका रविवारी गवंड्याला नळी घेऊन बोलावलं. मोरीचं तोंड शून्य धरलं. रस्त्यातल्या मॅनहोलचं झाकण निघालं त्यापेक्षा २२ सेंटिमीटर वर. संडासाचं भांडं एका पायरीवर बसवलेलं, ते मोरीपेक्षा १५ सेंटिमीटर वर. आणि अंगणातल्या गल्ली ट्रॅपची जाळी, म्हणजे बाहेरचं सांडपाणी जिथे पडतं ती चौकोनी कुंडी, मोरीपेक्षा ४ सेंटिमीटर वर.

शेवटचा आकडा ऐकून प्लंबरनं कपाळाला हात लावला. "ताई, ही कुंडी तर घरापेक्षा खाली पाहिजे. इमारत बांधणाऱ्यानं ती खालीच ठेवली असणार." त्याचं म्हणणं खरं होतं. साठच्या दशकातली आमची इमारत, तिला मुळात चार पायऱ्या होत्या. जुन्या फोटोंत त्या दिसतात. आता एक उरली आहे. रस्ता दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर घेऊन वर येत गेला. रस्त्याचं पाणी अंगणात साचू लागलं म्हणून सोसायटीनं अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवले, आणि तेही एकदा नव्हे. कुंडीची जाळी दर वेळी नव्या अंगणाबरोबर वर उचलली गेली. ती घराच्या जमिनीपेक्षा खाली होती तेव्हा मलवाहिनी भरली तरी घाण आधी अंगणात बाहेर पडायची. किळसवाणं, पण घराबाहेर. ती वर गेल्यावर संपूर्ण इमारतीत सर्वांत खालचं उघडं तोंड उरलं माझ्या मोरीचं. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून ते काम केलं होतं. माझीही सही होती.

आता रस्त्याखालची वाहिनी मुळात भरते का, हे थोडक्यात. मुंबईत पावसाचं पाणी आणि मैला यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पर्जन्य जलवाहिन्या समुद्रात उघडतात. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तोही ओहोटीच्या वेळी पडेल असं धरून आखलेली होती. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालानं ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर न्यायला सुचवलं आणि २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर त्या कामांना जोर आला. भरतीच्या वेळी समुद्र बऱ्याच मुखांपेक्षा वर असतो, त्यामुळे पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि रस्त्यावर तुंबतं. मलवाहिन्यांचं तसं नाही. त्यांतला मैला उदंचन केंद्रांतून उपसून पुढे पाठवला जातो. त्यांचा भरतीशी थेट संबंध नाही. पण रस्ता पाण्याखाली गेला की ते पाणी प्रत्येक बुडालेल्या गल्ली ट्रॅपमधून, मॅनहोलच्या झाकणाच्या फटींतून, जुन्या वाहिन्यांच्या उखडलेल्या सांध्यांतून मलवाहिनीत शिरतं. त्यात गच्चीच्या पन्हाळाचं पाणी सोयीसाठी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेल्या इमारती असतात. आमचीही त्यांतलीच एक होती. पंपांनी उपसायचं असतं घराघरांतलं सांडपाणी, आणि त्यांच्यापुढे येतो अर्धा मोहल्ल्याचा पाऊस.

माझ्या वहीतल्या नोंदींत हा क्रम स्पष्ट दिसतो. नुसत्या मुसळधार पावसानं मोरी वर आली नाही. भरती आणि पाऊस एकत्र आले, रस्ता घोटाभर बुडाला, आणि त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं गुडगुड सुरू झाली. उतरतानाही आधी रस्ता उतरला, मग मोरी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पंचांग बघावं तसं मी भरतीचं वेळापत्रक बघायला शिकले.

इथे एक खुलासा हवा, कारण मोरीतून पाणी वर आलं की प्रत्येक जण 'बॅकफ्लो' म्हणतो असं नाही; बहुतेक जण 'चोकअप' म्हणतात आणि सळई घालायला माणूस बोलावतात. दोन्ही ओळखता येतात. लाइन तुंबली असेल तर आपलंच पाणी परत येतं. कपडे धुतले, भांडी घासली की वर येतं, कोरड्या दिवशीही येतं आणि आपण वापर थांबवला की थांबतं. उलटा प्रवाह असेल तर घरात कुणी नळ उघडलेला नसतानाही पाणी चढतं, शेजारच्या तळमजल्यावरही त्याच सुमाराला चढतं आणि कुणी काही न करता आपोआप उतरतं. खात्री करायची तर आवारातल्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून बघावं. चेंबर भरलेलं आणि रस्त्यातलं मॅनहोलही भरलेलं, तर दोष पुढे आहे. चेंबर भरलेलं पण मॅनहोलमध्ये पाणी नेहमीसारखं तळाशी वाहतंय, तर मधल्या आपल्याच लाइनीत बोळा आहे. बघायचं ते लांबून. मॅनहोलचं झाकण महापालिकेच्या माणसांनी उघडायचं, आणि चेंबरमध्ये वाकायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही; तिथल्या वायूनं माणूस काही क्षणांत कोसळतो.

निदान झालं. आता उपाय. सर्वांत जुना उपाय माझ्या सासूबाईंचा होता. जाळीवर फडकं आणि त्यावर पाटा. मी त्याचा हिशेब मांडला. मोरीचं तोंड दहा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. पाणी जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर चढू बघणार. तेवढ्या पाण्याचा त्या तोंडावरचा वरच्या दिशेचा दाब पावणेदोन किलोच्या आसपास. पाटा त्याच्या कितीतरी पट जड. म्हणजे वजनाच्या लढाईत पाटा जिंकतो. हरतो तो कडांना, कारण खडबडीत दगड आणि फडकं यांच्यामधून पाणी झिरपत राहतं. म्हणून मी रबरी कॉलर लावलेला तीस सेंटिमीटरचा पाइप मोरीच्या तोंडात घट्ट उभा केला. पाणी पाइपात चढेल, २२ला थांबेल, घरात येणार नाही. पुढच्या मोठ्या पावसात नेमकं तसंच झालं. मी पाइपात डोकावून चढणारं पाणी बघत होते, मनातून खूष होते, आणि मागून मुलगा ओरडला, "आई, संडास भरलाय!"

वहीत आकडा होता, मी तो वाचला नव्हता. संडासाचं भांडं १५ सेंटिमीटरवर. मोरी उघडी होती तोवर पाणी घरभर पसरायचं, १५पर्यंत चढायचंच नाही. मोरी बंद केल्यावर ते पुढच्या सर्वांत खालच्या तोंडाकडे गेलं. एक एक तोंड बंद करत जाण्याला अंत नसतो. जिथून सगळी तोंडं एकत्र होतात, त्याच्या पुढे कुठेतरी पाणी अडवायला हवं. तिथे येतो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. प्लंबरांच्या बोलीत 'एनआरव्ही'.

त्याची रचना साधी आहे. पाइपाच्या आकाराचं एक पेटीसारखं अंग आणि आत वरच्या बाजूला बिजागरीवर लटकणारी एक झडप. आतून बाहेर वाहणारं पाणी तिला ढकलून पुढे जातं. बाहेरून आत येऊ बघणारं पाणी तिला तिच्या रबरी बैठकीवर दाबून बसवतं. गंमत म्हणजे झडपेला बंद करण्याची ताकद तिला अडवायच्या पाण्यातूनच मिळते. पूर जितका वर, झडप तितकी घट्ट. काही प्रकारांत झडप एरवी उघडी असते आणि चढतं पाणी तिला तरंगवून बंद करतं. त्यात पाइपातली हवा खेळती राहते आणि घाण कमी अडकते, पण किंमत जास्त असते.

सोसायटीच्या सभेत ठरलं की व्हॉल्व्ह बसवायचा तो सगळ्या इमारतीसाठी, शेवटच्या चेंबरच्या तोंडाशी, सामाईक सहा इंची लाइनवर. खर्च विभागून. सगळ्यांना न्याय्य वाटलं. मलाही.

त्यानंतरच्या जुलैत सकाळी सातच्या सुमाराला भरती होती. रस्ता बुडाला, व्हॉल्व्ह बंद झाला, आणि तासाभरात माझ्या मोरीतून पाणी आलं. मी व्हॉल्व्हला शिव्या घालत खराटा उचलला आणि थबकले. पाण्याला गटाराचा वास नव्हता. साबणाचा फेस होता आणि पाणी कोमट होतं.

ते वरच्या तीन मजल्यांवरच्या आंघोळींचं पाणी होतं.

व्हॉल्व्हनं त्याचं काम चोख केलं होतं. पण झडप बंद झाली की ती दोन्ही बाजूंना बंद होते, ही गोष्ट सभेत कुणाच्या लक्षात आली नव्हती. आतल्या पाण्याला झडप ढकलून बाहेर पडायचं तर त्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा वर जायला हवी. बाहेरची पातळी २२, माझी मोरी शून्यावर. म्हणजे आतलं पाणी झडप उघडण्याइतकं चढेपर्यंत माझं घर बुडालेलं असणार. तोवर साठवायला जागा किती? सहा इंची पाइपात मीटरमागे सुमारे १८ लिटर मावतात. आमची लाइन बारा मीटर, म्हणजे सव्वादोनशेच्या आत. दोन चेंबरांत मिळून फार तर दीडशे. वरच्या बारा घरांतली एक आंघोळ तीन बादल्यांची धरली, साठेक लिटर, तर सहा आंघोळींत ती जागा संपते. सातवी माझ्या स्वयंपाकघरात. खात्री करायला प्लंबरनं एका कोरड्या दुपारी झडपेची पुढची बाजू फुग्यासारख्या रबरी बुचानं बंद केली आणि तिसऱ्या मजल्यावरून पोटॅशियम परमँगनेट घातलेलं बादली-बादली पाणी सोडलं. जांभळं पाणी माझ्या मोरीत उगवलं तेव्हा सोसायटीचे चिटणीस शेजारी उभे होते.

जर्मनीतल्या बांधकाम नियमांत याचं तत्त्व सरळ मांडलेलं आहे. घराशेजारच्या रस्त्याची पातळी ही पाणी उलट चढण्याची मर्यादा धरायची. तिच्यापेक्षा खाली असलेल्या तोंडांना संरक्षण द्यायचं, आणि वर असलेल्यांचं पाणी त्या संरक्षणातून न नेता थेट बाहेर सोडायचं. ज्याला गरज नाही त्याला झडपेच्या आत कोंडायचं नाही. वरच्या मजल्यांना पुराचं पाणी कधीच गाठू शकत नव्हतं. त्यांना झडपेच्या मागे ठेवून आम्ही त्यांना काहीच दिलं नव्हतं, फक्त त्यांचं पाणी माझ्याकडे वळवलं होतं.

दुसरं काम त्यामुळे व्हॉल्व्हचं कमी आणि पाइपांचं जास्त होतं. सामाईक व्हॉल्व्ह काढला. तळमजल्याची मोरी, संडास आणि स्वयंपाकघर यांची चार इंची लाइन वेगळी काढली, तिच्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवला आणि मग ती चेंबरला जोडली. वरच्या मजल्यांचे उभे पाइप थेट चेंबरला. गच्चीचा पन्हाळ ड्रेनेजमधून काढून पावसाच्या गटाराला. आता पूर आला तरी वरच्यांचं पाणी स्वतःच्या उंचीच्या जोरावर भरलेल्या मलवाहिनीत ढकललं जातं, आणि नाहीच गेलं तर चेंबरच्या झाकणातून अंगणात उतू जातं. व्हॉल्व्हवर उघडता येणारं झाकण असलेली विटांची छोटी कुंडी बांधून घेतली. लाइन मोरीच्या साठ सेंटिमीटर खाली आहे, त्यामुळे पुराच्या वेळी झडपेवर ८२ सेंटिमीटर पाण्याचा दाब येतो, साधारण साडेसहा किलो. तेवढ्यानं ती छान घट्ट बसते.

बसते, जर मध्ये काही नसेल तर. दुसऱ्याच वर्षी मोरीत पातळसं काळं पाणी आलं, जेमतेम तांब्याभर, पण आलं. झाकण उघडून बघितलं तर झडप आणि बैठक यांच्यामध्ये भांडी घासायच्या काथ्याचा एक धागा अडकला होता. एक धागा. तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटी कुंडी उघडायची, नळीनं पाण्याचा झोत मारायचा, रबर पुसून बोटानं चाचपायचं, झडप हातानं उचलून सोडायची आणि ती आपल्या वजनानं परत बसते का बघायचं, हा माझा नेम आहे. केस, शिजलेला भात आणि गोठलेलं तूप हे तिचे तीन शत्रू. कुंडी फरशीखाली गाडून वर टाइल लावलेले व्हॉल्व्ह मी नंतर दोन घरांत पाहिले. ते व्हॉल्व्ह आहेत हे घरच्यांना आठवतही नव्हतं.

आणि झडप बंद असताना माझ्याही पाण्याला वाट नसते. चार इंची पाइपात मीटरमागे आठ लिटर, माझी लाइन चार मीटर. दीड बादली झाली की मोरी भरली. त्यामुळे भरती आणि पाऊस जुळले की आमच्याकडे आंघोळी थांबतात, भांडी परातीत पडून राहतात आणि धुण्याचं यंत्र कुणी लावत नाही. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "म्हणजे पाणी आत येत नाही, पण बाहेरही जात नाही. मग हे यंत्र काय कामाचं?" असं त्या प्लंबरला विचारायच्या. त्यानं हात जोडून सांगितलं, "आजी, तीन-चार तासांचाच प्रश्न असतो." तो आकडा माझ्या वहीशी जुळतो.

गेल्या गणपतीनंतर सोसायटीची सभा झाली. अंगणात पुन्हा पाणी साचतं, तेव्हा आणखी एक थर भरून नवे पेव्हर ब्लॉक बसवावेत असा ठराव आला होता. मी लेव्हलची नळी पिशवीत घालून घेऊन गेले.